डिस्चार्ज कार्डावर कान आणि डोळे वेगवेगळे लिहा: नवजात कक्षांना एक खुले पत्र

प्रति,
प्रसूतिगृहे आणि नवजात अतिदक्षता कक्ष चालवणारे डॉक्टर, तिथल्या परिचारिका आणि तपासणी करणारे तंत्रज्ञ

सप्रेम नमस्कार.

आम्ही लहान बाळांचे कान आणि डोळे तपासणारी माणसे आहोत. आपल्याकडून घरी गेलेले बाळ काही महिन्यांनी आमच्यासमोर येते, तेव्हा पालकांच्या फाइलमध्ये आपले डिस्चार्ज कार्ड असते. त्यावर बहुतेक वेळा दोनच नोंदी सापडतात : ‘हिअरिंग स्क्रीनिंग – पास’ आणि ‘डोळे – नॉर्मल’. तपासणी कोणत्या यंत्राने केली, बाळ तेव्हा किती दिवसांचे होते, दोन्ही कान तपासले की एकच, डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिले की पापण्या उघडून वरवर पाहिले, हे त्या दोन ओळींतून कळत नाही. आईवडिलांना मात्र त्यातून एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे कानाडोळ्यांची चिंता संपली. पुढे बाळ हाकेला वळत नाही असे आजीने म्हटले, तरी घरचे कार्ड दाखवून तिला गप्प करतात.

म्हणून या दोन नोंदी कशा व्हाव्यात, त्यांच्या मागची तपासणी कशी व्हावी आणि तिच्या मर्यादा पालकांना कशा सांगाव्यात, याबद्दल हे पत्र आहे.

आधी कानाबद्दल. बहुतेक ठिकाणी ओएई यंत्र वापरले जाते. कानात मऊ टोकाचा प्रोब बसवला की त्यातून बारीक टिकटिक आत जाते. आतल्या कानात, म्हणजे शंखासारख्या गुंडाळलेल्या कॉक्लियामध्ये, बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी असतात. त्या निरोगी असतील तर या आवाजाला हलून प्रतिसाद देतात आणि त्या हालचालीतून एक अतिशय क्षीण आवाज उलट बाहेर येतो. प्रोबमधला मायक्रोफोन तो टिपतो. म्हणजे हे यंत्र एकाच प्रश्नाचे उत्तर देते : बाहेरच्या केसपेशी काम करतात का? त्यांच्या पुढे आतल्या केसपेशी, श्रवणचेता आणि मेंदूकडे जाणारा मार्ग आहे. तो ठीक आहे की नाही, हे ओएईला विचारलेच जात नाही.

उलट, केसपेशी उत्तम असूनही ‘रेफर’ येऊ शकते, कारण टिकटिक आत जाताना आणि उत्तर बाहेर येताना बाहेरचा कान आणि मधला कान असा दोन वेळा पार करावा लागतो. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानाच्या नळीत पांढरा चिकट लेप आणि मधल्या कानात द्रव असतो. त्यामुळे पहिल्या २४ तासांत तपासले तर ‘रेफर’चे प्रमाण उगाच वाढते. सिझेरियनने जन्मलेल्या बाळात हा द्रव ओसरायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. शक्य असेल तर घरी सोडायच्या दिवशी, २४ तास उलटून गेल्यावर तपासा. बाळ दूध पिऊन झोपलेले हवे. कानाची पाळी हलकेच खाली आणि मागे ओढून नळी सरळ करा आणि प्रोबचे टोक कानाच्या मापाचे निवडा. बाळाच्या कानात ते सैल राहिले तर खोलीतला आवाज आत शिरतो, फार मोठे घेतले तर नळीच्या भिंतीला टेकून बंद होते. प्रोब बाहेर काढल्यावर त्याची छिद्रे दर वेळी पाहा. पहिल्या बाळाच्या कानातला लेप छिद्रात अडकला की पुढची चार बाळे ‘रेफर’ होतात आणि दोष यंत्राचा की बाळांचा, हे संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. रोज सकाळी यंत्राबरोबर मिळालेल्या चाचणी-पोकळीत प्रोब घालून पाहायला आणि ज्याचे ऐकणे चांगले आहे अशा एखाद्या सहकाऱ्याच्या कानावर एकदा चालवून बघायला दोन मिनिटे पुरतात.

एक सवय मात्र आम्हांला फार खटकते. ‘रेफर’ आले की पुन्हा, परत आले की पुन्हा, असे ‘पास’ येईपर्यंत बटण दाबत राहायचे. प्रत्येक फेरीत निव्वळ योगायोगाने ‘पास’ येण्याची थोडीशी शक्यता असते. फेऱ्या वाढवल्या की ती शक्यताही वाढत जाते आणि खरोखर कमी ऐकणारे बाळ त्यातून निसटते. नीट बसवलेल्या प्रोबने, शांत बाळावर, घरी जाण्यापूर्वी जास्तीत जास्त दोन प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही ‘रेफर’ आले तर तसेच लिहा आणि महिन्याच्या आत पुन्हा बोलवा. पुन्हा येईल तेव्हा एकच कान ‘रेफर’ झालेला असला तरी दोन्ही कान तपासा.

त्या दुसऱ्या खेपेलाही ‘रेफर’ आले तर ‘कानात पाणी असेल, सहा महिन्यांनी बघू’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. पाणी असेलही. पण पाणी आणि आतल्या कानाचा दोष एकाच बाळात असू शकतात, आणि कोणता किती आहे हे हाडावाटे आवाज देऊन केलेल्या निदानाच्या बेरा तपासणीत वेगळे करता येते. ही तपासणी पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या नैसर्गिक झोपेत होते. सहा महिन्यांचे बाळ तेवढा वेळ शांत झोपत नाही, मग झोपेचे औषध द्यावे लागते. जगभर जो क्रम पाळला जातो तो याच हिशेबाने बांधलेला आहे : पहिल्या महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्या महिन्याच्या आत श्रवणयंत्र आणि मार्गदर्शन सुरू.

आता अतिदक्षता कक्षातली बाळे. कायमचा बहिरेपणा घेऊन साधारण दर हजार जन्मांत एक ते तीन बाळे येतात. अतिदक्षता कक्षातून गेलेल्या बाळांत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असते. आणि नेमक्या याच बाळांत ओएई फसवते. फार वाढलेल्या काविळीत बिलिरुबिन मेंदूच्या देठातल्या श्रवणकेंद्रांना आणि श्रवणचेतेला इजा करते, बाहेरच्या केसपेशी मात्र बचावतात. अशा बाळाच्या कानात प्रोब घातला की केसपेशी छान उत्तर देतात, यंत्रावर ‘पास’ उमटते आणि आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. श्वास गुदमरलेल्या आणि फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांतही असे घडू शकते. म्हणून अतिदक्षता कक्षात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी स्वयंचलित एबीआरने व्हायला हवी. त्यात कपाळ, मान आणि यंत्रानुसार खांदा किंवा गाल येथे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात साधारण ३५ डेसिबलची टिकटिक देतात आणि चेतेपासून मेंदूच्या देठापर्यंतची विद्युत् लहर उमटते का ते पाहतात. त्वचेवर तेल असेल तर इलेक्ट्रोडचा संपर्क कच्चा राहतो आणि यंत्र तक्रार करत बसते. तेव्हा त्या जागा आधी नीट पुसून घ्या. या तपासणीत ‘रेफर’ आलेल्या बाळाला नंतर ओएईत ‘पास’ मिळाले म्हणून मोकळे सोडू नका, थेट निदानासाठी ऑडिओलॉजिस्टकडे पाठवा. ओएईचे ‘पास’ एबीआरच्या ‘रेफर’ला खोडून काढू शकत नाही, कारण वर सांगितले तसे दोन यंत्रे दोन वेगळे प्रश्न विचारतात.

दोन्ही यंत्रांची आणखी एक मर्यादा आहे. साधारण ३० ते ३५ डेसिबलपेक्षा सौम्य दोष दोघांनाही सापडत नाही. आणि जन्मावेळी ठीक असलेले कान पुढे बिघडू शकतात. याला कार्डावर जागा हवी, पण त्याकडे उदाहरणातून येऊ.

डोळ्यांची तपासणी त्यामानाने स्वस्त आणि सोपी आहे. तरीही ती जास्त वेळा राहून जाते. लाल चमक पाहायला एक ऑप्थाल्मोस्कोप आणि अंधार पुरतो. खोलीतले दिवे मालवा, ऑप्थाल्मोस्कोपच्या भिंगाचा आकडा शून्यावर ठेवा, बाळापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर उभे राहा आणि प्रकाश दोन्ही डोळ्यांवर एकाच वेळी टाकून बाहुल्यांतून परत येणारी चमक पाहा. रडणाऱ्या बाळाच्या पापण्या बोटांनी ताणू नका, ते डोळे आणखी घट्ट मिटते. त्याला उभे धरून हलकेच पुढे-मागे झुकवले किंवा चोखायला बोट दिले की बहुतेक बाळे आपणहून डोळे उघडतात.

चमकेचा रंग प्रत्येक बाळात पुस्तकातल्या चित्रासारखा लालबुंद नसतो. सावळ्या बाळांत ती नारिंगी-तपकिरी, कधी जरा मंद असते आणि ते नॉर्मल आहे. पाहायची ती तुलना : दोन्ही डोळ्यांत रंग, तेज आणि आकार सारखे आहेत का? एका डोळ्यात चमक फिकी, एकात पांढरट, एखाद्यात काळा डाग, किंवा चमकच नाही, यांपैकी काहीही दिसले तर ते असामान्य. डाग पापणी मिटून उघडल्यावर सरकला तर तो अश्रूंतला चिकट पदार्थ असतो. जागीच राहिला तर भिंगातली अपारदर्शकता समजा. शंका वाटल्यास ‘पुढच्या लसीला बघू’ नको, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे.

घाई का, ते सांगतो. एका डोळ्यात जन्मजात दाट मोतीबिंदू असेल तर मेंदू दुसऱ्या, स्वच्छ डोळ्याचेच चित्र स्वीकारायला शिकतो. हे शिकणे पहिल्या आठवड्यांतच सुरू होते. म्हणून एका डोळ्याची शस्त्रक्रिया वयाच्या साधारण सहा आठवड्यांपर्यंत आणि दोन्ही डोळ्यांची आठ-दहा आठवड्यांपर्यंत व्हावी असा प्रयत्न असतो. वर्षानंतर तोच मोतीबिंदू तितक्याच सफाईने काढता येतो, पण मेंदूने त्या डोळ्याकडे पाठ फिरवलेली असते. पांढऱ्या चमकेमागे मोतीबिंदूऐवजी रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग असेल, तर प्रश्न नजरेपुरता राहत नाही.

लाल चमकेलाही मर्यादा आहे. तिच्यात डोळ्याच्या मधला भाग कळतो, पडद्याच्या कडा दिसत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला होणारी आरओपी तर कडांकडेच सुरू होते. पडद्याच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि बाळ लवकर जन्मले की ही वाढ अर्ध्यावर असते. पुढे त्या वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढून सुटवू शकतात. सुरुवातीच्या आरओपीत लाल चमक अगदी नॉर्मल असते, डोळे बाहेरून निर्मळ दिसतात, बाळाला काही दुखत नाही. तिला शोधायला बाहुली थेंबांनी मोठी करून प्रशिक्षित डोळ्यांनी पडद्याच्या कडा पाहाव्या लागतात. कोणाला पाहायचे याच्या मर्यादा देशानुसार बदलतात. अमेरिकेत १,५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे आणि त्याखाली अशी रेघ आहे. भारतात ती २,००० ग्रॅम किंवा ३४ आठवड्यांखाली ठेवली आहे, कारण तिथे त्याहून मोठ्या बाळांतही गंभीर आरओपी दिसते. या रेघेपलीकडचे बाळ फार आजारी राहिले असेल, दीर्घकाळ ऑक्सिजनवर असेल, तर त्यालाही पाहावे.

आता एका बाळाच्या तारखा मांडून पाहू. समजा बाळ ३ मार्चला, ३२ आठवड्यांचे, १,६०० ग्रॅमचे जन्मले. संसर्गाच्या शंकेने सात दिवस अमिकासिन मिळाले. कावीळ इतकी वाढली की एकदा रक्त बदलावे लागले. २७ मार्चला, चोविसाव्या दिवशी, ते घरी निघाले. निघताना ओएई केली, दोन्ही कान पास. लाल चमक पाहिली, सारखी आणि स्वच्छ. कार्डावर त्या दोन ओळी आल्या.

हे कार्ड वाचून पालक निर्धास्त होतात आणि तीन गोष्टी राहून जातात.

पहिली, आरओपीची. पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, म्हणजे ३१ मार्चच्या आत. बाळ घरी गेले २७ला. मधले चार दिवस घरातल्या गडबडीत जातात आणि डोळे नॉर्मल असल्याचे कार्डच सांगते. म्हणून ही तपासणी कक्षातून निघण्याआधी करणे सर्वांत सुरक्षित. ती एकदा केली म्हणजे संपलीही नाही. ३२ आठवड्यांच्या बाळाच्या वाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्या नसतात, त्यामुळे त्या पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी किंवा नेत्रतज्ज्ञ सांगतील तसे पाहावे लागते. उपचाराची पातळी गाठली तर लेझर किंवा इंजेक्शन दोन-तीन दिवसांतच द्यावे लागते. पुढची तारीख कार्डावर नसेल तर ‘परत या’ या सांगण्याला अर्थ उरत नाही.

दुसरी, एबीआरची. हे बाळ पाच दिवसांहून जास्त कक्षात होते, रक्त बदलले होते, अमिनोग्लायकोसाइड पाच दिवसांहून जास्त मिळाले होते. प्रत्येक कारण एकेकटेही पुरेसे आहे. ओएई पास असणे इथे जवळजवळ अप्रस्तुत आहे. शिवाय एबीआर निघायच्या दिवशी करण्यात आणखी एक अडचण आहे. जन्मजात सीएमव्ही संसर्ग हे जन्मावेळच्या आणि नंतर येणाऱ्या बहिरेपणाचे मोठे कारण आहे. तो जन्मजातच होता हे सिद्ध करायला लाळेची किंवा लघवीची पीसीआर तपासणी पहिल्या २१ दिवसांत व्हावी लागते. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो जन्माआधी आला की नंतर, हे सांगता येत नाही. या बाळाचे २१ दिवस २४ मार्चला संपले. २७ला एबीआर केली असती आणि ‘रेफर’ आले असते, तरी ही खिडकी बंद झालेली असती. बाळाचे ३४ आठवडे १७ मार्चला पुरे होतात, तोवर अमिकासिनही संपले आहे. बाळ स्थिर असेल तर १७ ते २२ मार्चच्या दरम्यान एबीआर करा. ‘रेफर’ आले तर त्याच दिवशी नमुना पाठवा. लाळ घेत असाल तर दूध पाजल्यावर निदान तासभर थांबा, कारण आईच्या दुधातला विषाणू तोंडात राहून खोटे पॉझिटिव्ह देतो. लाळेचे पॉझिटिव्ह लघवीने पक्के करा. विषाणूविरोधी औषध द्यायचे की नाही, हा निर्णय पहिल्या महिन्यातच घ्यायचा असतो.

तिसरी, पुढच्या वर्षाची. या बाळाला एबीआरमध्ये दोन्ही कानांनी पास मिळाले असते, तरी वयाच्या नऊ महिन्यांच्या आत, म्हणजे ३ डिसेंबरपर्यंत, ऑडिओलॉजिस्टकडून पूर्ण तपासणी व्हायला हवी. सीएमव्ही सिद्ध झाला किंवा मेंदुज्वर झाला तर इतके थांबून चालत नाही, ती तीन महिन्यांच्या आत. मेंदुज्वरानंतर तर लगेच, कारण कॉक्लियाच्या आत हाड भरू लागते आणि नंतर कॉक्लियर इम्प्लांटची तार आत सरकत नाही. आरओपी झाली नाही किंवा बरी झाली तरी अशा बाळांत तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर जास्त आढळतो. म्हणून घरी गेल्यावर चार-सहा महिन्यांनी डोळ्यांची आणखी एक तपासणी त्याच कार्डावर लिहावी.

या बाळाची प्रसूतीची अपेक्षित तारीख २८ एप्रिल होती. पालकांना वाढीचे टप्पे सांगताना ते या तारखेपासून मोजायला सांगा. नाहीतर मे महिन्यातच ‘अजून नजर देत नाही’ म्हणून घर काळजीत पडते, किंवा उलट, ‘लवकर जन्मले ना, मग सगळेच उशिरा’ म्हणत खरा उशीरही झाकला जातो. नजरेचा हिशेब असा : सहा ते आठ आठवड्यांत बाळ चेहऱ्याकडे टक लावते आणि हळू हलणाऱ्या चेहऱ्यामागे नजर फिरवते. या बाळासाठी ते ९ ते २३ जूनच्या सुमारास. तीन महिने पुरे होऊनही नजर स्थिरावत नसेल, डोळे सतत थरथरत किंवा भटकत असतील, तर थांबू नये.

तिरळेपणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच ‘मोठे झाले की जाईल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धा खरा आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोन्ही डोळ्यांचा मेळ अजून बसत असतो, त्यामुळे एखादा डोळा क्षणभर बाहेर किंवा आत जातो आणि परत येतो. हे जाते. पण एकच डोळा कायम एका बाजूला वळलेला असेल तर तो कोणत्याही वयात नॉर्मल नाही, अगदी पहिल्या महिन्यातही. आणि चार महिन्यांनंतर अधूनमधून दिसणारा तिरळेपणाही तपासायला हवा. कायम वळलेल्या डोळ्यात मोतीबिंदू किंवा पडद्याचा दोष असू शकतो. डोळ्याला दिसत नाही म्हणून तो वळतो. रेटिनोब्लास्टोमात पांढऱ्या बाहुलीनंतर सर्वांत जास्त आढळणारी खूण तिरळेपणा हीच आहे. म्हणून अशा प्रत्येक बाळाची बाहुली मोठी करून पडदा पाहिला जातो.

दुसऱ्या बाजूला खोटा तिरळेपणाही फार दिसतो. नाकाचा दांडा रुंद आणि चपटा असला आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी आली, की आतल्या बाजूचा पांढरा भाग झाकला जातो आणि डोळे नाकाकडे वळल्यासारखे वाटतात. दोन्हींत फरक करायला एक छोटा टॉर्च पुरतो. बाळाच्या चेहऱ्यासमोर साधारण हातभर अंतरावर, अगदी मध्यावर टॉर्च धरा. बाळ त्याकडे पाहत असताना बुबुळांवर चमकणारा बिंदू कुठे पडतो ते पाहा. दोन्ही डोळ्यांत तो सारख्याच जागी, बाहुलीच्या मध्याशी किंवा किंचित नाकाकडे पडला, तर डोळे सरळ आहेत. एका डोळ्यात तो कानाच्या बाजूला सरकलेला असेल तर तो डोळा आत वळला आहे, नाकाकडे जास्त सरकलेला असेल तर बाहेर. बिंदू एक मिलिमीटर सरकणे म्हणजे साधारण सात अंशांचा तिरळेपणा, म्हणून डोळ्यांना न जाणवणारा फरकही इथे पकडता येतो. बाळ बाजूला पाहत असेल तर ही तपासणी फुकट, कारण तेव्हा बिंदू आपोआप असमान दिसतो. पालकांनी समोरून, मान सरळ असताना फ्लॅशने काढलेला फोटोही असाच वाचता येतो. त्यात एकाच बाहुलीत पांढरट चमक वारंवार दिसत असेल तर तो फोटो घेऊन लगेच या, असे त्यांना सांगून ठेवा.

डोळा सरळ आहे पण त्याला दिसते का, यासाठी एकेक डोळा तळहाताने झाकून पाहा. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसत असेल तर बाळ दोन्ही वेळा सारखेच वागते, रडले तर दोन्ही वेळा रडते. डावा झाकल्यावर शांत आणि उजवा झाकल्यावर हात झटकून रडू लागले, तर त्याचा भरवसा उजव्यावर आहे आणि डावा तपासायला हवा.

डोळ्यातून पाणी येण्याचा एक धोकाही सांगायला हवा. बहुतेक बाळांत अश्रुनलिका पुरती उघडलेली नसल्याने पाणी येते आणि वर्षभरात थांबते. पण पाण्याबरोबर उजेडात डोळे घट्ट मिटणे, बुबुळ धुरकट दिसणे किंवा डोळा मोठा वाटणे असेल, तर ते जन्मजात काचबिंदूचे लक्षण असू शकते. पहिल्या वर्षात बुबुळाचा आडवा व्यास १२ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ते डोळे ‘टपोरे, सुंदर’ म्हणून कौतुक करायचे नसते.

ऐकण्याची लक्षणे ओळखणे याहून अवघड, कारण बहिरे बाळ सुरुवातीला बहिरे वाटतच नाही. ते रडते, हसते, दोन-तीन महिन्यांत ‘आऽ’, ‘ऊऽ’ करते. घरचे मागून टाळी वाजवतात आणि बाळ दचकते. पण टाळीचा वारा मानेला लागतो, दार आपटल्याचा हादरा पाळण्यातून कळतो, कोणी आल्याची सावली भिंतीवर हलते. ताट वाजवून पाहणारेही खूप. ताटाचा आवाज इतका मोठा असतो की बऱ्यापैकी कमी ऐकणारे बाळही त्याला दाद देते, आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याला ऐकू येत नाहीत हे त्यातून कळत नाही. घरी पाहायचेच असेल तर बाळ मांडीवर शांत असताना, समोर एकाने खेळण्यात गुंतवावे. दुसऱ्याने मागे, बाजूला, कानाच्या पातळीवर, नजरेबाहेर राहून हळू आवाजात हाक मारावी, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेला मान वळवते. फक्त एकाच बाजूला वळत असेल तर तीही नोंद महत्त्वाची. एका कानाचा बहिरेपणा घरात असाच सापडतो.

घरी सहज कळेल अशी दुसरी खूण बोलण्यात आहे. साधारण सात महिन्यांपासून ऐकणारी बाळे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी व्यंजन-स्वरांची माळ लावतात. बहिऱ्या बाळात ही माळ येत नाही किंवा फार उशिरा येते, कारण त्यासाठी स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकावा लागतो. आधीची कुजबुज चालू होती आणि हळूहळू कमी झाली, असे पालक सांगतात तेव्हा ते नीट ऐका. दहा महिने पुरे होऊनही माळ नसेल, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ असे न म्हणता कान तपासायला पाठवा. जन्मावेळचे ‘पास’ तेव्हा पुरावा म्हणून धरू नये.

तर आमची मागणी कार्डापुरती आहे. उजवा कान, डावा कान, ओएई की एबीआर, तारीख, निकाल, जोखमीचे कारण असल्यास ते, आणि पुढच्या तपासणीची तारीख, एवढे एका ओळीत मावते. डोळ्यांसाठी : लाल चमक उजवी, डावी, कोणी पाहिली, आरओपी तपासणी लागू आहे की नाही, असल्यास झाली कधी आणि पुढची कधी. वरच्या बाळाच्या कार्डावर ‘पास’ आणि ‘नॉर्मल’ऐवजी ‘एबीआर १८ मार्च, दोन्ही पास, रक्तबदल आणि अमिकासिन, कानांची पूर्ण तपासणी ३ डिसेंबरपूर्वी, आरओपी २६ मार्च, वाहिन्या अपूर्ण, पुन्हा ९ एप्रिल’ असे असते, तर पालकांनी काय करायचे ते विचारावे लागले नसते. ‘रेफर’ झालेल्या आणि आरओपीच्या तारखा ठरलेल्या बाळांची एक वही कक्षात ठेवा आणि बाळ आले नाही तर फोन कोणी करायचा, त्या व्यक्तीचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लसीकरणाच्या खोलीत ऑप्थाल्मोस्कोप आणि टॉर्च ठेवा. सहाव्या आठवड्याच्या लसीला लाल चमक पुन्हा पाहायची, आणि त्यानंतरच्या प्रत्येक लसीला टॉर्चचा बिंदू.

आपले,
बाळांचे कान आणि डोळे तपासणारे आम्ही